खपली गव्हाची खीर आणि तीस-चाळीसची साईट: गुणोत्तर-प्रमाणाची उदाहरणं दशांशात न अडकता कशी रचावीत

सराव पत्रिकेसाठी पहिल्या झटक्यात सुचणारं उदाहरण साधारण असं असतं:

‘१२ माणसांच्या खिरीला अर्धा किलो खपली गहू आणि पाऊण किलो गूळ लागतो. १८ माणसांच्या खिरीला किती लागेल?’

उत्तर ७५० ग्रॅम गहू आणि १ किलो १२५ ग्रॅम गूळ. दोन्ही पूर्ण संख्या, म्हणून उदाहरण चांगलं असं वाटतं. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सातवीच्या वर्गात ते फळ्यावर लिहून बघा. बहुतेक मुलं एकमान पद्धतीनं जातात: आधी एका माणसाला किती, मग १८ माणसांना किती. ५०० भागिले १२ म्हणजे ४१.६६६… कुणी ४१.६७ धरतो, त्याचं उत्तर ७५०.०६ येतं. कुणी ४१.६६ धरतो, त्याचं ७४९.८८ येतं. दोघांची रीत बरोबर आहे, दोघांचं उत्तर उत्तरसूचीशी जुळत नाही, आणि दोघंही खोडरबर घेऊन बरोबर रीत पुसायला लागतात.

म्हणजे शेवटचं उत्तर पूर्ण असून भागत नाही. मुलं ज्या वाटेनं जाणार, त्या वाटेवरची प्रत्येक पायरी पूर्ण यायला हवी. हे साधायचं तर उदाहरण उत्तराकडून मागे रचत यावं लागतं.

आधी एका माणसाचं ठरवा

पाककृतीचं उदाहरण लिहिताना वहीवर पहिली ओळ एकूण सामानाची नको, एका माणसाच्या वाट्याची हवी. खिरीसाठी एका माणसाला ४० ग्रॅम गहू आणि ५० ग्रॅम गूळ धरा. गुणोत्तर ४:५ झालं. भिजवून, कांडून, शिजवून फुगलेल्या खपलीला एवढा गूळ चालतो, त्यामुळे मुलांच्या घरी आई-आजी ‘हे कुठलं प्रमाण?’ म्हणून हसणार नाहीत. ही गोष्ट हलकी समजू नका. मीठ दोन वाट्या आणि पीठ तीन वाट्या असलं काही लिहिलं की वर्गाचं लक्ष गणितावरून उडतं.

आता माणसं किती? इथे मराठीतच एक सोय आहे. पाऊणपट, सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट, अडीचपट हे शब्द मुलं बाजारात रोज ऐकतात. पट या शब्दांत सांगता येईल असा घेतला तर मुलाला तो न मांडताही दिसतो. हे सगळे पट पावाच्या हिशोबातले आहेत, म्हणून मूळ माणसांची संख्या ४ ने भागली जाणारी हवी. १० घेतली तर पाऊणपट म्हणजे साडेसात माणसं. १२ घेतली तर पाऊणपट ९, सव्वापट १५, दीडपट १८, पावणेदोनपट २१, अडीचपट ३०. पाचही वेळा अख्खी माणसं. ८ घेतली तरी चालतं: ६, १०, १२, १४, २०.

१२ माणसं धरली की मूळ कृती तयार: गहू ४८० ग्रॅम, गूळ ६०० ग्रॅम. आता कुठल्याही संख्येसाठी विचारा:

९ माणसं: गहू ३६०, गूळ ४५०
१५ माणसं: गहू ६००, गूळ ७५०
१८ माणसं: गहू ७२०, गूळ ९००
२१ माणसं: गहू ८४०, गूळ १०५०
३० माणसं: गहू १२००, गूळ १५००

एकमान पद्धतीनं जाणारा मुलगा ४० आणि ५० वर पोचतो, पटानं जाणारी मुलगी थेट ‘दीडपट’ म्हणते, दोघांचं उत्तर एकच. शेवटच्या दोन ओळींत ग्रॅमचे किलो-ग्रॅम करायची संधीही आपोआप येते. १०५० चं १ किलो ५० ग्रॅम करताना बरीच मुलं १ किलो ५०० लिहितात, त्यामुळे ती ओळ मुद्दाम ठेवण्यासारखी आहे.

‘४८० ग्रॅम कोण मोजतं, अर्धा किलोच लिहा’ असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. ५०० ग्रॅमच ठेवायचा हट्ट असेल तर माणसं १० करा. माणशी ५० ग्रॅम गहू, मग ४, ६, १४, २५ माणसं विचारा. फक्त पाऊणपट, सव्वापट आणि पावणेदोनपट हातचे जातात. ५०० ग्रॅमही हवे आणि १२ माणसंही हवीत, हे मात्र जमायचं नाही.

पत्रिकेत पाच-सात पदार्थांची सारणी देणार असाल तर तपासणी संगणकावर सोपवा. ‘ब’ स्तंभात १२ माणसांचं सामान असेल तर एका शेजारच्या चौकटीत पहिलं सूत्र आणि दुसरीत दुसरं टाका:

```
=MOD(B2,12)
=MOD(B2*9,12)
```

पहिल्याचं उत्तर ० आलं तर एका माणसाचा वाटा पूर्ण येतो. दुसऱ्याचं ० आलं तर ९ माणसांचं उत्तर पूर्ण येतं. ९ च्या जागी १५, २१ घालून बघा. आधी भागून मग उरलेला दशांश तपासायला जाऊ नका, संगणक तिथे कधीकधी शून्याऐवजी अतिसूक्ष्म संख्या दाखवतो. आधी गुणा, मग बाकी बघा.

नारळाचं वेगळं असतं

खिरीत नारळ आहे, वेलदोडे आहेत. ते ग्रॅमनं नाही, नगानं मोजले जातात, आणि नगाला माणशी वाटा पूर्ण येईलच असं नाही. १२ माणसांना २ नारळ धरले तर माणशी एक षष्ठांश, म्हणजे ०.१६६… पण पटानं गेलं तर ९ माणसांना दीड नारळ, १५ ला अडीच, १८ ला तीन, २१ ला साडेतीन, ३० ला पाच. नारळ फोडल्यावर त्याचे दोन भाग होतातच, त्यामुळे अर्धा नारळ हे खरं उत्तर आहे. २.४ नारळ हे खरं उत्तर नाही. नगाच्या वस्तूला पट निवडताना एवढं एकच बघायचं की ती वस्तू खरोखर किती भागांत मोडते. नारळ दोन भागांत मोडतो, वेलदोडा मोडत नाही. वेलदोडे १२ माणसांना ८ धरले तर वरच्या पाचही ओळींत ६, १०, १२, १४, २० असे पूर्ण येतात.

मग एकमान पद्धतीवाल्यांचं काय? त्यांच्यासाठी प्रश्नाची वाक्यरचना बदला. ‘१२ माणसांना २ नारळ’ ऐवजी ‘दर ६ माणसांमागे १ नारळ’ असं लिहा. मुलं ६-६ चे गट करतात, दशांश येतच नाही.

एक शब्द मात्र जपून वापरा: ‘वाटी’. ‘२ वाट्या खोबरं’ लिहिलं की अर्ध्या मुलांना नारळाच्या दोन वाट्या म्हणजे एक अख्खा नारळ दिसतो आणि उरलेल्यांना स्वयंपाकघरातली मापाची वाटी. एकाच पत्रिकेत दोन्ही अर्थ येऊ देऊ नका. आजही काही घरांत शेर-पायली चालते. ती मापं घेतलीत तर दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली हे पत्रिकेवरच लिहा. ही मापं दुपटीची असल्यानं पाव-अर्धा-पाऊण फार छान बसतात, पण शेराचं वजन धान्यागणिक बदलतं, म्हणून शेराचे किलो करायला सांगू नका.

शिट्ट्या, वेळ आणि जाळ यांना समप्रमाणात ओढू नका. ‘४ शिट्ट्यांत अर्धा किलो शिजतं, तर एक किलोला किती शिट्ट्या?’ याचं ८ हे उत्तर छापलं तर ते चुकीचंच आहे. असा एखादा प्रश्न ‘इथे समप्रमाण लागू होतं का, का नाही?’ म्हणून मुद्दाम टाकलात तर मात्र उत्तम.

चुकीचं उत्तरही पूर्ण येऊ द्या

दशांश टाळताना एक नवी अडचण तयार होते. सगळी उत्तरं पूर्ण येतात हे मुलांना तिसऱ्या प्रश्नापर्यंत कळतं. मग पूर्ण उत्तर आलं की बरोबर, दशांश आला की चूक, एवढीच त्यांची तपासणी उरते. गुणोत्तर समजलं का, हे तुम्हाला कळत नाही. यावर उपाय म्हणजे मुलं हमखास करतात त्या चुकाही पूर्ण संख्येवर उतरतील असे आकडे घेणं.

उदाहरणार्थ वाटणी. ‘गहू आणि गूळ ४:५ या गुणोत्तरात आहेत, दोन्ही मिळून १ किलो ८०० ग्रॅम. गहू किती?’ बरोबर रीत: ४ + ५ = ९ भाग, १८०० भागिले ९ = २०० ग्रॅमचा एक भाग, गहू ८००, गूळ १०००. हमखास होणारी चूक म्हणजे ९ भाग न करता १८०० चे चार पंचमांश घेणं. त्याचं उत्तर १४४० येतं. दुसरी चूक म्हणजे नुसतं ४ नं भागणं: ४५०. तिसरी, ५ नं भागणं: ३६०. तिन्ही पूर्ण. वहीत १४४० दिसलं की मुलानं भागांची बेरीज केली नाही, हे एका नजरेत कळतं, आणि मुलाला ‘दशांश आला नाही’ हा खोटा दिलासा पुरत नाही.

असा आकडा शोधायची रीत सोपी. गुणोत्तरातल्या दोन्ही संख्या आणि त्यांची बेरीज, या तिघांचा लसावि काढा. ४, ५, ९ चा लसावि १८०. एकूण वजन १८० च्या पटीत घ्या: ७२०, ९००, १८००. गुणोत्तर २:३ असेल तर २, ३, ५ चा लसावि ३०, म्हणून ६०० ग्रॅम चालेल. बरोबर उत्तर २४० आणि ३६०, चुकीचं ४००. गुणोत्तर ५:७ सारखं घेतलं तर लसावि ४२० येतो आणि आकडे लगेच अवजड होतात. मधल्या इयत्तांना १:३, २:३, ३:४, ४:५ एवढी गुणोत्तरं पुष्कळ झाली.

आणखी एक चूक बेरजेची. गहू ४ वाट्या, गूळ ५ वाट्या. गहू ८ वाट्या घेतला तर? ‘४ वाढले म्हणून गुळातही ४ वाढवा, ९’ असं म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. वाट्यांच्या लहान आकड्यांत ही चूक लगेच वर येते. ग्रॅमच्या मोठ्या आकड्यांत ती लपते. म्हणून पत्रिकेचे पहिले दोन प्रश्न वाट्यांत ठेवा.

शेवटचा प्रश्न थोडा चढा हवा असेल तर सामान अपुरं ठेवा. ‘घरात १ किलो गहू आणि १ किलो १५० ग्रॅम गूळ आहे. जास्तीत जास्त किती माणसांची खीर होईल?’ गव्हानं २५ माणसं, गुळानं २३. उत्तर २३, आणि ९२० ग्रॅम गहू लागून ८० ग्रॅम उरतो. गूळ जास्त दिसत असूनही तोच आधी संपतो, हेच या प्रश्नातलं मर्म. रचताना आधी २५ आणि २३ ठरवायचे, मग ४० आणि ५० नं गुणायचं.

प्रमाणबद्ध आकृती: मिलिमीटर पाळा

नकाशाच्या प्रश्नांत नियम थोडा सैल होतो, कारण इथे मोजपट्टी आहे. ३.६ सेमी हा दशांश अडचणीचा नाही, पट्टीवर तो ३ सेमी ६ मिमी म्हणून दिसतो. ३.६७ मात्र पट्टीवर कुठेच नाही. तेव्हा कागदावरची प्रत्येक लांबी मिलिमीटरच्या रेघेवर पडली पाहिजे.

आपल्याकडे घराघरात ठाऊक असलेली आकृती म्हणजे तीस-चाळीसची साईट, ३० फूट रुंद आणि ४० फूट लांब. प्रमाण १ सेमी = ५ फूट घ्या. कागदावर ६ सेमी × ८ सेमी. या प्रमाणात २ मिमी म्हणजे १ फूट, त्यामुळे पूर्ण फुटांतलं कुठलंही माप रेघेवर पडतं आणि अर्धा फूटही १ मिमीत बसतो. तेच १ सेमी = ४ फूट घेतलं तर ३ फुटी दार साडेसात मिमीचं होतं, दोन रेघांच्या मधलं. १ सेमी = ३ फूट घेतलं तर ४० फूट म्हणजे १३.३३ सेमी. फुटांसाठी १ सेमी = २, ५ किंवा १० फूट ही तीन प्रमाणं निर्धोक आहेत. २ फुटांच्या प्रमाणात साईट १५ × २० सेमीची होते, ती ए-फोर कागदावर मावते.

तीस-चाळीसचा आणखी एक फायदा आहे. तिचा कर्ण ५० फूट, कागदावर १० सेमी. मुलांना चारही बाजू काढून झाल्यावर कर्ण मोजायला सांगा. कोपरा काटकोनातून दोनच अंश हलला तरी कर्ण जवळपास २ मिमीनं बदलतो, म्हणजे आकृती चुकली हे मुलगा स्वतः पकडतो. तुम्हाला कोनमापक घेऊन प्रत्येक वही बघावी लागत नाही.

आता आत घर बसवा. दोन्ही बाजूंना ३ फूट, पुढे ६ फूट, मागे ४ फूट मोकळं सोडलं तर घर २४ × ३० फुटांचं. कागदावर रुंदीत ०.६ + ४.८ + ०.६ = ६ आणि लांबीत १.२ + ६ + ०.८ = ८. ही बेरीज जुळते का, ते पत्रिका छापण्याआधी तुम्ही करून बघायलाच हवी. न जुळणारा नकाशा मुलांनी कितीही वेळा पुसून काढला तरी बसत नाही. खोल्या: पुढे १४ × १५ चा हॉल आणि १० × १५ ची झोपायची खोली, मागे १० × १५ चं स्वयंपाकघर आणि १४ × १५ ची दुसरी खोली. कागदावर २.८, २ आणि ३ सेमी. भिंती एका रेघेच्या धरा आणि तसं पत्रिकेवर लिहा. नऊ इंची भिंत या प्रमाणात दीड मिमीची होते, ती काढायला सांगण्यात काही अर्थ नाही.

फुटांत दशांश लिहिण्याचा मोह टाळा. १०.५ फूट म्हणजे १० फूट ६ इंच, पण मुलं १० फूट ५ इंच वाचतात. ‘साडेदहा फूट’ लिहिलं की प्रश्न मिटला. तसंच ‘१ सेमी = ५ फूट हे १:? असं लिहा’ हे विचारू नका. ५ फूट म्हणजे १५२.४ सेमी, आणि १:१५२.४ हे कुठल्याच मुलाला समाधान देणारं उत्तर नाही. तो प्रश्न हवाच असेल तर मीटरमध्ये घ्या: १ सेमी = २ मीटर म्हणजे १:२००. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे यासाठी उत्तम, त्यात २ सेमी म्हणजे १ किलोमीटर. नकाशावर ७ सेमी अंतर दिलं की साडेतीन किलोमीटर.

क्षेत्रफळ आणि गुंठा

साईटचं कागदावरचं क्षेत्रफळ ४८ चौ. सेमी, खरं १२०० चौ. फूट. मुलं ४८ ला ५ नं गुणून २४० म्हणतात. दोन्ही पूर्ण, म्हणून हा प्रश्न चांगला. १ चौ. सेमी म्हणजे ५ × ५ = २५ चौ. फूट, हे एक चौकट मोठी काढून दाखवल्यावरच पटतं.

शेताच्या उदाहरणाला मात्र ५ आणि १० ची प्रमाणं बाजूला ठेवा. एक गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट, म्हणजे १०८९ चौ. फूट. १ सेमी = १० फूट घेतलं तर गुंठ्याचं क्षेत्रफळ कागदावर १०.८९ चौ. सेमी येतं, आणि एकराचा हिशोब करताना मुलं बुडतात. प्रमाण १ सेमी = ३३ फूट घ्या. मग १ चौ. सेमी म्हणजे बरोबर एक गुंठा. ५ × ८ सेमीचा आयत म्हणजे ४० गुंठे, एक एकर. खानापूरकडच्या भातखाचरासाठी ४ × ३ सेमी काढा, १२ गुंठे झाले. उसाचा फड ८ × १० सेमीचा काढा, दोन एकर. मुलांना चौरस सेंटिमीटरच्या जाळीच्या कागदावर नुसते चौकोन मोजूनही उत्तर काढता येतं, आणि खरी लांबी विचारलीत तर ५ × ३३ = १६५ फूट, ८ × ३३ = २६४ फूट, सगळं पूर्ण.

झेरॉक्सच्या दुकानात

पट्टीनं मोजायची आकृती छापताना सगळी मेहनत वाया जाऊ शकते. प्रिंटर ‘कागदात बसवा’ या पर्यायावर असला की आकृती थोडी लहान होते. ९७ टक्के झाली तर १० सेमीचा कर्ण ९.७ सेमी, म्हणजे मुलाच्या हिशोबानं साडे अठ्ठेचाळीस फूट. वर्गभर उत्तरं चुकतात आणि चूक कुणाचीच नसते. छापताना १०० टक्के म्हणून सांगा आणि आकृतीखाली बरोबर १० सेमीची एक रेघ छापा, शेजारी ‘ही रेघ १० सेमी आहे’ असं लिहून. पहिली प्रत हातात आली की दुकानातच पट्टी लावून ती रेघ मोजा. प्रतीची प्रत काढू नका, प्रत्येक वेळी मूळ कागदावरूनच काढा. आणि रेघ ९ सेमी ७ मिमी भरली तर उरलेल्या ३९ प्रती काढण्याआधी थांबवा.